शेळीच्या अंडाशयाची स्लाइड: प्रायमॉर्डियल फॉलिकलपासून पीतपिंडापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. दर वर्षी अंडाशयाची स्लाइड आली की त्याच शंका त्याच क्रमानं येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. पुस्तकातली आकृती गोल, रंगीत आणि घड्याळाच्या काट्यासारखी क्रमानं मांडलेली असते. स्लाइडवर तसा क्रम नसतो. तिथं सगळ्या वयाचे फॉलिकल, म्हणजे एकेक अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या पेशींचं घर, एकाच दिवशी, बाजारात उभे असल्यासारखे दिसतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मरणाच्या वाटेवर असतात. जिवंत कोणता आणि मरत असलेला कोणता, हे ओळखता आलं की बाकीची नावं आपोआप बसतात. पुढची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

मॅडम, शेळीचंच अंडाशय का? माणसाचं का नाही?

कारण ते मिळतं. उस्मानाबादी शेळी आपल्याकडं दारोदार आहे. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की दोन्ही अंडाशयं ताजी हाताशी येतात. दीड-दोन सेंटिमीटरचा, शेंगदाण्यापेक्षा थोडा मोठा, बदामासारखा हा अवयव. शिवाय या जातीत जुळी करडं नेहमीची, त्यामुळं फुटलेल्या फॉलिकलच्या जागी तयार होणारे पीतपिंड, तेही एकाच वेळचे दोन, बघायला मिळण्याची शक्यता बरी असते. फॉलिकलच्या वाढीचे टप्पे शेळीत आणि बाईत सारखेच आहेत. फरक आहे तो मापांचा आणि पीतपिंडाच्या रचनेचा. तो त्या त्या ठिकाणी सांगते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "फॉलिकल 18 मि.मी." लिहितात. अंडं एवढं मोठं असतं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांकडून जास्त येतो. फॉलिकल म्हणजे अंडं नव्हे, अंड्याचं घर. मराठी पुस्तकात त्याला पुटिका म्हणतात. 18 मि.मी. हे पाण्यानं भरलेल्या त्या घराचं माप. आतली अंडपेशी पूर्ण वाढली तरी साधारण 0.12 मि.मी.ची, म्हणजे नुसत्या डोळ्याला जेमतेम टिंबाएवढी. सोनोग्राफीत ती दिसतच नाही.

हा गोंधळ जुनाच आहे. डच शरीररचनातज्ज्ञ रेनिए द ग्राफ यानं 1672 मध्ये या फॉलिकलांचं नीट वर्णन केलं, आणि त्याला तो अख्खा फुगाच अंडं वाटला. खरी अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरनं 1827 मध्ये कुत्रीच्या फॉलिकलात शोधून काढली. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली. तेव्हा पहिल्या प्रात्यक्षिकाला तुम्ही फॉलिकलकडं बोट दाखवून "अंडं" म्हणालात तर मी फार रागवत नाही.

प्रायमॉर्डियल फॉलिकल कुठं शोधायचा? 4एक्सवर काहीच दिसंना की!

4एक्सवर दिसणारच नाही. त्या लेन्सवर फक्त अंडाशयाची कड शोधा. बाहेरून एका थराचं आवरण, त्याखाली गुलाबी, दाट, जवळजवळ पेशी नसलेला पट्टा. याला ट्युनिका अल्ब्युजिनिया म्हणतात. त्या पट्ट्याच्या लगेच आतली अरुंद जागा हेच प्रायमॉर्डियलचं ठिकाण. तिथं लेन्स 40एक्सवर न्या आणि कडेकडेनं हळूहळू सरका. ते बहुतेक घोळक्यानं असतात, एक सापडला की शेजारी चार सापडतात.

ओळख अशी: मधे गोल, फिकट, मोठी अंडपेशी. तिच्यात मोठं, पोकळ वाटणारं केंद्रक आणि त्यात एक ठसठशीत निळा ठिपका, म्हणजे न्यूक्लिओलस. भोवती एकच थर, आणि त्या थरातल्या पेशी चपट्या. त्यांची केंद्रकं कापलेल्या नखासारखी बाक घेऊन चिकटलेली दिसतात. डोळ्याच्या भिंगात मायक्रोमीटर बसवला असेल तर मोजा. आमच्याकडच्या भिंगात 40एक्सला एक घर 2.5 मायक्रॉनचं भरतं. चौदा घरं आली तर फॉलिकल 35 मायक्रॉनचा, आणि हे माप पटण्यासारखं आहे. तुमच्या सूक्ष्मदर्शकाचं घर किती मायक्रॉनचं, ते स्टेज मायक्रोमीटर लावून एकदा स्वतः काढा. शेजारच्या टेबलावरचा आकडा उचलू नका.

हा फॉलिकल झोपलेला आहे. त्यातली अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात अडकून थांबलेली असते. बाईमध्ये हा थांबा जन्माआधी सुरू होतो आणि त्या फॉलिकलची पाळी येईपर्यंत चालतो. म्हणजे काही अंडपेशी चाळीस-पंचेचाळीस वर्षंही त्याच अवस्थेत बसून असतात.

मग प्रायमरी कधी म्हणायचं? मोठा दिसला की?

आकारावर जाऊ नका. भोवतीच्या पेशींचा आकार बघा. चपट्या पेशी उभ्या राहून चौकोनी झाल्या की फॉलिकल जागा झाला, तो प्रायमरी. निम्म्या चपट्या आणि निम्म्या चौकोनी असा मधला प्रकारही सापडतो. तो दिसला तर वहीत "मधली अवस्था" असं प्रामाणिकपणे लिहा, ओढूनताणून कुठल्या एका खणात कोंबू नका.

यानंतर अंडपेशी आणि त्या पेशींच्या मधे एक गुलाबी, चकचकीत, पेशीविरहित कडं तयार होऊ लागतं. हा झोना पेल्युसिडा, अंडपेशीभोवतीचं साखरयुक्त प्रथिनांचं कवच. साध्या एच अँड ई, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या, रंगात तो गुलाबी दिसतो. पीएएस रंग केला तर गडद किरमिजी होऊन उठून येतो. हे कडं लक्षात ठेवा. फॉलिकल मेला की सगळ्यात शेवटी तेच शिल्लक राहतं, आणि पुढं ओळखीला फार कामाला येतं.

चौकोनी पेशींचे थर वाढत जातात, एकाचे दोन, दोनाचे पाच. आता त्यांना ग्रॅन्युलोसा पेशी म्हणायचं. बाहेरच्या ऊतीतल्या पेशी फॉलिकलभोवती गोल रांग धरू लागतात, ती थीका.

एका पुस्तकात थर वाढले की सेकंडरी, दुसऱ्यात पोकळी झाली की सेकंडरी. परीक्षेत काय लिहू?

तुमच्या परीक्षकाचं पुस्तक विचारा, दुसरा इलाज नाही. वैद्यकाच्या बऱ्याच पुस्तकांत पोकळी आली की सेकंडरी, आणि त्याआधी कितीही थर असले तरी प्रायमरी. प्रजनन संशोधनाचे लेख वाचाल तर तिथं थर दोनावर गेले की सेकंडरी आणि पोकळी आली की टर्शरी किंवा अँट्रल. मी विद्यार्थ्यांना आकृतीखाली नावापुढं "पोकळी आहे" किंवा "पोकळी नाही" एवढं लिहायला लावते. मग भांडण उरत नाही.

पोकळी कशी तयार होते, आणि रक्तवाहिन्या ग्रॅन्युलोसात का दिसत नाहीत?

ग्रॅन्युलोसा पेशींच्या मधे द्रव साचू लागतो. आधी दोन-चार वेगवेगळी तळी, मग ती एकमेकांत मिसळून एक मोठी पोकळी. तीच अँट्रम. बाईत हे फॉलिकल पाव मि.मी.च्या आसपास गेल्यावर घडतं. पोकळी वाढते तशी अंडपेशी एका बाजूला ढकलली जाते, आणि तिला धरून ठेवणारा ग्रॅन्युलोसाचा उंचवटा पोकळीत डोकावतो. हा क्युम्युलस. अंडपेशीला अगदी चिकटलेल्या पेशी झोनाभोवती किरणांसारख्या उभ्या असतात, म्हणून त्यांना कोरोना रेडिएटा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडतो, कारण तो फार कमी जण विचारतात. 40एक्सवर थीका बघा. त्यात लाल पेशींनी भरलेल्या केशवाहिन्या ठिकठिकाणी दिसतील. आता नजर आत सरकवा. ग्रॅन्युलोसा सुरू होते तिथल्या पातळ रेषेपाशी, बेसमेंट मेंब्रेनपाशी, वाहिन्या थांबतात. आत एकही नाही. म्हणजे ग्रॅन्युलोसाला रक्तातलं कोलेस्टेरॉल थेट मिळत नाही. म्हणून काम वाटून घेतलेलं असतं. पीतपिंडकारी संप्रेरक म्हणजे एलएच थीकाला सांगतं, ती अँड्रोजेन बनवते. ते आत झिरपतं. पुटिका ग्रंथी संप्रेरक म्हणजे एफएसएच ग्रॅन्युलोसाला सांगतं, ती त्या अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन करते. स्लाइडवर थीकाच्या आतल्या पेशी फुगीर, फेसाळ आणि फिकट दिसतात, कारण त्यांच्यात स्निग्ध पदार्थाचे थेंब होते. ही रेषा आणि तिच्या अलीकडं-पलीकडंची दोन गावं डोक्यात बसली, की अंडोत्सर्गानंतर पीतपिंड का बनतो ते सांगावं लागत नाही: ती रेषा फुटते आणि वाहिन्या आत घुसतात.

मोठा सुंदर फॉलिकल मिळाला, पण आत अंडपेशीच नाही. स्लाइड खराब आहे का?

नाही. हिशेब करून बघा. फॉलिकल 5 मि.मी.चा, म्हणजे 5000 मायक्रॉनचा. आपण काप घेतो 5 मायक्रॉनचे. त्या एका फॉलिकलातून 1000 काप निघतील. आतली अंडपेशी 120 मायक्रॉनची धरली तर ती फक्त 24 कापांत सापडेल. म्हणजे डोळे मिटून एक काप उचलला तर चाळीसातल्या एखाद्याच वेळी अंडपेशी दिसणार. क्युम्युलसचा उंचवटा तिच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून नुसता उंचवटा दिसतो आणि अंडपेशी नाही, असंही होतं. विकतच्या स्लाइडमध्ये सगळं अगदी मधोमध दिसतं, कारण कोणीतरी शेकडो कापांतून तो एक निवडलेला असतो.

लहान फॉलिकलात हा त्रास कमी. पण तिथं उलटी चूक होते. मोठ्या पोकळीच्या फॉलिकलचा काप फक्त कडेच्या भिंतीतून गेला, तर ग्रॅन्युलोसाचा एक भरीव गोळा दिसतो. त्यात ना पोकळी ना अंडपेशी. विद्यार्थी त्याला "अनेक थरांचा प्रायमरी" म्हणून मोकळे होतात. अंडपेशीचं केंद्रक दिसल्याशिवाय कोणत्याही लहान फॉलिकलला नाव देऊ नका.

मरणारा फॉलिकल कसा ओळखायचा?

मरणाला अट्रेशिया म्हणतात. ते वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या जागी सुरू होतं, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात.

पोकळी नसलेल्या लहान फॉलिकलात आधी अंडपेशी मरते. तिचं केंद्रक आकसून गडद होतं, सायटोप्लाझम गुलाबी आणि एकजिनसी होतं, पेशीचा गोल आकार बिघडतो. भोवतीचा थर काही काळ ठीक दिसतो. पुढं सगळं विरघळून जातं आणि मागे काही उरत नाही. म्हणून प्रायमॉर्डियल किती मेले हे एका स्लाइडवरून कधीच कळत नाही.

पोकळीच्या फॉलिकलात उलटं. तिथं आधी ग्रॅन्युलोसा जाते आणि अंडपेशी बराच वेळ तग धरून असते. पोकळीच्या कडेच्या ग्रॅन्युलोसा पेशी बघा. निरोगी पेशींची केंद्रकं ठिपकेदार, सारखी, आणि मधूनमधून विभाजन चालू असलेली. मरणाऱ्यांची केंद्रकं आकसून काळ्या मोहरीसारखी गोल, गुळगुळीत. काही तुटून पोकळीतल्या द्रवात तरंगतात. एखादी अशी दिसली तर दुर्लक्ष करा. पण एकाच कापात डझनभर मोहऱ्या दिसल्या तर फॉलिकल चालला.

पुढच्या पायरीला ग्रॅन्युलोसाचे थर विरळ होतात आणि बेसमेंट मेंब्रेन जाड होऊन काचेसारखी गुलाबी पट्टी होते, तिला ग्लासी मेंब्रेन म्हणतात. ही नागमोडी पट्टी दिसली की शंका घेऊ नका. थीकाच्या पेशी मात्र या काळात उलट फुगतात, म्हणून नवशिक्याला वाटतं की फॉलिकल तगडा आहे. शेवटी संयोजी ऊती पोकळी भरून टाकते, आणि मधे उरतो घडी पडलेला, चुरगळलेला झोना. अंडपेशी केव्हाच गेलेली, पण कवच टिकून. अंडाशयाच्या मध्यभागी नुसतं चुरगळलेलं गुलाबी कडं सापडलं तर ते तेच.

पण हे सगळं फिक्सिंग चुकल्यामुळंही दिसतं ना?

दिसतं, आणि माझ्याच हातून झालेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एप्रिलमधल्या एका दुपारी अंडाशय अख्खंच, न चिरता, छोट्या बाटलीत टाकलं. रस्त्यात तास-दीड तास आधीच गेला होता. ऊती सडू नये म्हणून वापरतात ते फिक्सेटिव्ह आत पोचलंच नाही. स्लाइड बघितली तर प्रत्येक फॉलिकलची ग्रॅन्युलोसा गळालेली. मी उत्साहानं वहीत "सर्व फॉलिकल अट्रेटिक" असं लिहून ठेवलं. दोन दिवसांनी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती वही बघून एवढंच विचारलं, "आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीही अट्रेटिक?"

तीच कसोटी आजही वापरते. अट्रेशिया एकट्यादुकट्या फॉलिकलला होतो. शेजारचा ठणठणीत असतो. ऊती सडली असेल तर सगळीकडं सारखंच बिघडतं: फॉलिकल, वाहिन्यांचं अस्तर, अंडाशयाचं बाहेरचं आवरण, सगळं. आणि ग्रॅन्युलोसा अख्ख्या पट्टीसारखी सुटून आली, पण तिची केंद्रकं ठिपकेदार आणि नीट असली, तर तो आकसण्याचा दोष, मरण नव्हे.

आता आम्ही अंडाशय मिळताच धारदार ब्लेडनं लांबीत दोन भाग करतो. फिक्सेटिव्ह म्हणून बुइन्स द्रव ऊतीच्या किमान दहा-वीस पट घेतो, साधारण रात्रभर ठेवतो, आणि मग पिवळेपणा कमी होईपर्यंत सत्तर टक्के अल्कोहोलात धुतो. केंद्रकं त्यात फॉर्मॅलिनपेक्षा नीट दिसतात.

एवढे मरतातच का?

बाईच्या आकड्यांवरून अंदाज येईल. गर्भ पाच महिन्यांचा असताना दोन्ही अंडाशयांत मिळून साठ-सत्तर लाख अंडपेशी, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात अंडोत्सर्ग होतो चारशे-पाचशेंचा. जागा झालेला फॉलिकल पुन्हा झोपत नाही. तो एक तर फुटतो किंवा मरतो. बाईत थीका तयार झालेल्या लहान फॉलिकलपासून अंडोत्सर्गापर्यंत सुमारे 85 दिवस लागतात, म्हणजे या महिन्यात फुटणारा फॉलिकल जवळजवळ तीन पाळ्यांपूर्वीच वाटेला लागलेला असतो. शेवटच्या टप्प्यात एफएसएच कमी होतं, आणि ज्याला ते पुरतं तो जगतो.

पीतपिंड पिवळा का दिसत नाही? नाव तर पीत!

गाईचं अंडाशय चिरून बघा, केशरी-पिवळा गोळा दिसेल, कारण त्यात कॅरोटीन साठतं. म्हशीचा तेवढा पिवळा नसतो, करडा-गुलाबीसर. शेळीचाही गुलाबीसर. आणि स्लाइडवर तर कोणाचाच पिवळा दिसत नाही. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळलेलं असतं आणि पॅराफिनच्या आधीच्या झायलीनमध्ये स्निग्ध पदार्थ धुऊन जातात. थेंबांच्या जागी पोकळ्या उरतात, म्हणून पीतपिंडाच्या पेशी साबणाच्या फेसासारख्या दिसतात. स्निग्ध पदार्थ बघायचेच असतील तर पॅराफिन न करता गोठवून काप घ्यावे लागतात आणि सुदान किंवा ऑइल रेड ओ लावावा लागतो.

पीतपिंड आणि जुना अट्रेटिक फॉलिकल यांत गोंधळ होतो.

पीतपिंड भरीव, मोठा आणि पेशींनी गच्च असतो, आणि त्यात रक्तवाहिन्या पुष्कळ. अट्रेटिक फॉलिकल आकसलेला, मधे चुरगळलेला झोना किंवा ग्लासी मेंब्रेन. पीतपिंडात झोना कधीच नसणार, कारण अंडपेशी कवचासकट बाहेर पडलेली असते. एवढ्या एका खुणेवर बहुतेक वाद मिटतात.

माणसाच्या पीतपिंडाच्या आकृतीत ग्रॅन्युलोसापासून झालेल्या मोठ्या फिकट पेशी आत आणि थीकापासून झालेल्या लहान गडद पेशी घड्यांच्या कडेला, अशी नीट वाटणी दाखवतात. शेळीत ती शोधत बसू नका. रवंथ करणाऱ्या जनावरांत मोठ्या आणि लहान पेशी एकमेकींत मिसळून जातात. जुना पीतपिंड पांढऱ्या, पेशी विरळ असलेल्या तंतूंच्या डागात बदलतो. तो कॉर्पस अल्बिकन्स.

एखादी स्लाइड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवाल?

मागच्या हिवाळ्यातली एक घेते. काळी उस्मानाबादी शेळी, दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय एकत्र मागवलं होतं. दोन्ही अंडाशयांवर एकेक गुलाबी उंचवटा, साधारण 9 मि.मी.चा. उजव्यावर शेजारी पाण्यानं भरलेला 5 मि.मी.चा फुगा. वर्गातली एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, हा आता फुटणार!" मी म्हटलं, स्लाइड झाल्यावर बोलू.

कडेला प्रायमॉर्डियलचे घोळके, केंद्रकं स्वच्छ, वाहिन्यांचं अस्तर नीट. म्हणजे फिक्सिंगवर भरवसा ठेवता येईल. मग दोन्ही पीतपिंड. मधे रक्ताची गाठ नाही, म्हणजे अंडोत्सर्ग होऊन बरेच दिवस गेलेले. पेशी फेसाळ, भरलेल्या, तंतू वाढलेले नाहीत, म्हणजे उतार सुरू झालेला नाही. दोन्ही एकाच वयाचे. शेळीचं माजाचं चक्र 21 दिवसांचं. तर हे मधले दिवस, ढोबळमानानं सहाव्या ते पंधराव्या दिवसातले. एकाच माजात दोन अंडपेशी सुटल्या, एवढं नक्की. गाभण होती का, हे पीतपिंड सांगत नाही, कारण शेळीत तो गाभणकाळातही, जवळजवळ पाच महिने, तसाच टिकतो. म्हणून गर्भाशय मागवलं होतं. चिरून बघितलं, आत काही नव्हतं. अर्थात गर्भ अगदी कोवळा असेल तर तोही डोळ्याला दिसत नाही, तेव्हा "गर्भ दिसला नाही" एवढंच आम्ही लिहिलं.

आता तो 5 मि.मी.चा फुगा. बाहेरची थीका छान फुगलेली. पण आत पोकळीच्या कडेला काळ्या मोहऱ्या भरपूर, काही द्रवात तरंगत्या, ग्रॅन्युलोसा दोन-तीन थरांवर आलेली. स्लाइडवरचा सगळ्यात मोठा फॉलिकल मरत होता. कारण शेजारीच बसलेलं. जिवंत पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडतो, त्यामुळं मेंदूकडून एलएचचे ठोके मंदावतात, आणि मोठ्या फॉलिकलला फुटायला लागतं तेवढं एलएच मिळत नाही. तो मरतो, त्याच्या जागी वाढत्या फॉलिकलांची दुसरी लाट उठते. शेळीत एका चक्रात बहुधा अशा तीन-चार लाटा येतात. फुटतात ते शेवटच्या लाटेतले, पीतपिंड उतरल्यावरचे. गावात जनावर माजावर आणायला पशुवैद्यक प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात, ते याच पीतपिंडावर चालतं. तो विरघळला की त्या वेळी वाढत असलेल्या लाटेला वाट मोकळी होते.

फॉलिकल मोजून संख्या सांगायची असेल तर?

दिसला तो मोजला असं केलं की आकडा फुगतो, कारण तोच फॉलिकल लागोपाठच्या कापांत पुन्हा येतो. आम्ही फक्त केंद्रक दिसणाराच मोजतो. तरी केंद्रक 15 मायक्रॉनचं आणि काप 5 मायक्रॉनचा असेल तर तेच केंद्रक तीन-चार कापांत येणार. त्यासाठी ॲबरक्रॉम्बीची दुरुस्ती: कापाची जाडी भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. इथं 5 भागिले 20, म्हणजे पाव. एका कापात 48 मोजले तर खरे त्या कापाच्या वाट्याला 12. प्रकल्पाच्या वहीत दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहा.

मे महिन्यात मेणाच्या ब्लॉकमधून कापांची सलग रिबन निघतच नाही. काय करायचं?

मेण मऊ पडतं. खोलीत 40 अंश असताना 58-60 अंशांना वितळणारं मेणही ब्लेडखाली दबतं, काप आखडतात आणि गोल फॉलिकल लंबगोल होतात. मग कोणी तरी तोच आकार आकृतीत काढतं. ब्लॉक बर्फावर दहा मिनिटं ठेवा, दहा-बारा काप घ्या, परत ठेवा. शक्यतो सकाळी आठच्या आत बसा. आणि हिमॅटॉक्सिलिननंतर निळा रंग यायला बोअरचं जड पाणी आमच्याकडं चांगलं काम करतं, ते क्षारामुळं अल्कधर्मी असतं. डिस्टिल्ड पाण्यात धुतल्या तर केंद्रकं तांबूस-जांभळीच राहतात. त्या दिवशी टाकी रिकामी असेल तर स्लाइड अल्कोहोलात उद्यापर्यंत ठेवू नका, रंग उतरतो. बादलीभर पाणी आधीच भरून ठेवा.